पळसाला पानं तीन, नावं मात्र अनेक

माझं नाव ज्ञानदा. देवनागरीत ते लिहायची एकच रीत आहे. रोमन लिपीत ते लिहायच्या पाच रीती मला आजवर भेटल्या आहेत: Dnyanada, Dnyanda, Gyanada, Jnanada आणि एका बँकेच्या कृपेने Dnanada. शेवटचं सोडलं तर बाकीच्यांच्या बाजूने काही ना काही बोलता येतं. 'ज्ञ'चा उच्चार आपण 'द्न्य' असा करतो, म्हणून Dny. हिंदीत तो 'ग्य' होतो, म्हणून दिल्लीच्या माणसाने ऐकून लिहिलं की Gy. संस्कृतचे अभ्यासक ज आणि ञ ही मूळची अक्षरं धरतात, म्हणून Jn. खुद्द ज्ञानेश्वरांचं नाव इंग्रजी याद्यांमध्ये कधी D खाली सापडतं, कधी J खाली. तिथे माझी काय कथा!

आडनाव मी इथे देत नाहीये. संकोच वगैरे काही नाही. पण हा लेख प्रकाशित झाला की तोसुद्धा माझ्या नावाच्या शोधात दिसू लागेल, आणि पुढे जे सांगणार आहे ते वाचल्यावर तुम्हालाही कळेल की त्या यादीत आणखी एक ओळ वाढवायची मला अजिबात हौस नाही.

मी वनस्पतीशास्त्रज्ञ आहे. सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्याबोडक्या पठारांवर, पावसाळ्यात चार महिने जी इवलीशी झाडं उगवतात त्यांचा अभ्यास करते. तीन वर्षांपूर्वी मी एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. दोन वर्षांचा पगार आणि सड्यांवर फिरायचा खर्च त्यातून निघणार होता. हातातल्या प्रकल्पाचे चारच महिने उरले होते. अर्ज नाकारला गेला. सोबत परीक्षकांचे शेरे आले होते, त्यातला तिसरा असा होता: 'अर्जात नऊ शोधनिबंधांचा उल्लेख आहे. पडताळणीत चार आढळले.'

वाक्य अगदी सभ्य आहे. त्याचा अर्थ सभ्य नाही. नऊच्या नऊ निबंध माझेच होते, छापलेले होते, त्यांच्या लिंका अर्जात होत्या. पण शंभर अर्ज समोर असलेला परीक्षक प्रत्येक लिंक उघडत बसत नाही. तो सरळ नाव टाकतो आणि काय येतं ते बघतो. तेव्हा मीही तेच करायचं ठरवलं: त्या परीक्षकाच्या खुर्चीत बसून स्वतःला शोधायचं.

•••

स्वतःला शोधताना पहिली अडचण ही की आपला फोन आपल्याला ओळखतो. रोज ज्या पानांवर आपण जातो ती वर येतात, आणि सगळं आलबेल आहे असं वाटतं. म्हणून मी खाजगी विंडो उघडली, कुठल्याही खात्यात लॉग-इन न करता. तरी तुम्ही कुठल्या शहरात आहात हे गूगलला साधारण कळतंच, त्यामुळे बंगळुरूच्या एका मैत्रिणीलाही तेच शोध करायला सांगितले आणि तिच्याकडून स्क्रीनशॉट मागवले.

दुसरी गोष्ट अवतरणचिन्हांची. नुसतं नाव टाकलं तर गूगल परस्पर जवळचं स्पेलिंग गृहीत धरतं आणि आपल्याला कळतही नाही. अवतरणात टाकलं की जसंच्या तसं शोधतं. आपल्याला पाहायचं असतं ते हेच की कुठल्या स्पेलिंगखाली काय दडलंय. मी टाकलेल्या ओळींपैकी दोन, आडनाव वगळून:

```
"Dnyanada" "Western Ghats" -dentist
site:linkedin.com/in "Dnyanada"
```

उणे चिन्ह लावलेला शब्द ज्या पानावर असेल ते पान वगळलं जातं. माझ्याच नाव-आडनावाची एक दंतवैद्य आहे, आणि तिचा दवाखाना माझ्या सड्यांपेक्षा कितीतरी जास्त लोकांना हवा असतो. पण इथे एक पथ्य आहे. परीक्षक काही हे उणे चिन्ह लावणार नाही. म्हणून आधी साधा शोध करायचा आणि त्याच्या पहिल्या दोन पानांवर जे दिसेल ते लिहून काढायचं. उणे, साइट वगैरे युक्त्या नंतर, आपलंच हरवलेलं सामान हुडकण्यासाठी.

हेच पाचही स्पेलिंगांसाठी केलं, माहेरचं आडनाव लावून, सासरचं लावून, दोन्ही लावून, नुसती आद्याक्षरं टाकून. मग देवनागरीत. मग चित्रांच्या टॅबमध्ये. एक दुपार गेली. समोर एक साधी शीट उघडून ठेवली होती, तिच्यात चारच रकाने होते: लिंक, तिथे छापलेलं नाव, तिथे माझ्याविषयी काय म्हटलंय, आणि ते बदलणं कुणाच्या हातात आहे.

संध्याकाळी शीटमध्ये सदतीस ओळी होत्या. चौथ्या रकान्याने त्यांचे आपोआप तीन ढीग झाले. अकरा माझ्या हातातल्या. सतरा माझ्याविषयीच्या, पण दुसऱ्याच्या हातातल्या. उरलेल्या नऊ माझ्या नावाच्या, पण माझ्या नव्हेतच.

•••

नऊ निबंधांचं काय झालं होतं ते आता दिसलं.

चार निबंध Dnyanada आणि माहेरचं आडनाव असे सरळ छापलेले होते. परीक्षकाला सापडले ते हेच. दोन निबंध अशा नियतकालिकांतले होते जिथे लेखकाची फक्त आद्याक्षरं छापतात. तिथे मी 'D. S.' आणि आडनाव. पूर्ण नाव टाकून शोधणाऱ्याला ते कसे सापडणार? लग्नानंतरच्या दोन निबंधांवर सहलेखकाने प्रेमाने दोन्ही आडनावं लावली होती, मध्ये जोडरेघ न देता. संगणकाचा नियम असा की शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. त्यामुळे माहेरचं आडनाव माझं मधलं नाव बनलं आणि यादीत त्याचं एक अक्षर उरलं.

आणि नववा. तो एका परिषदेच्या संग्रहातला. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकाने माझं नाव गुणपत्रिकेवरून उतरवून घेतलं होतं. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. ते तसंच छापलं गेलं. शेवटचा शब्द 'श्रीकांत', म्हणजे माझे बाबा. त्यामुळे जगाच्या दृष्टीने तो निबंध Shrikant K. D. नावाच्या कुणा माणसाने लिहिलाय. बाबा आयुष्यभर एसटीच्या हिशोब खात्यात होते. सड्यावरच्या कीटकभक्षी वनस्पतींवर त्यांच्या नावाने एक निबंध आहे हे ऐकून ते मनापासून खूष झाले.

हे फक्त माझ्या नावाचं दुखणं नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. आपलं नाव तीन शब्दांचं, त्यातला मधला बापाचा किंवा नवऱ्याचा, आणि क्रम कागदागणिक वेगळा. परदेशी सॉफ्टवेअरला मात्र दोनच रकाने ठाऊक: पहिलं नाव आणि शेवटचं. पासपोर्टवरही आडनावाचा एक रकाना आणि बाकी सगळं 'दिलेलं नाव' या एका खोक्यात. आता तर 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे चार शब्द येतात. निर्णय चांगलाच आहे. फक्त ही मुलं मोठी होऊन निबंध लिहायला लागतील तेव्हा त्या दोन रकान्यांत काय काय कोंबलं जाईल, हे बघण्यासारखं असेल.

•••

इथे पहिली इच्छा होते ती सगळं पुसून एकसारखं करण्याची. ते होत नाही. छापलेला निबंध छापलेला राहतो. लेखकाचं नाव बदलून देण्याचं धोरण आता बऱ्याच मोठ्या प्रकाशकांकडे आहे, पण लहान महाविद्यालयाच्या परिषदेचा संग्रह ज्या पीडीएफमध्ये पडून आहे, तिथे धोरण कसलं आणि कोण उत्तर देणार? मी दोनदा मेल केली. दुसरी परत आली.

उपाय मला माझ्याच धंद्यात सापडला. पळसाचं शास्त्रीय नाव ब्यूटिया मोनोस्पर्मा. पण जुन्या पुस्तकांत तो ब्यूटिया फ्रॉन्डोसा आहे, आणि लामार्कने त्याला आधी पांगाऱ्याच्या प्रजातीत घालून एरिथ्रिना मोनोस्पर्मा म्हटलं होतं. वनस्पतीशास्त्रात जुनी नावं कुणी खोडत नाही. एक नाव मान्य धरायचं आणि बाकीची त्याची सिनॉनिम्स म्हणून त्याच्याखाली नोंदवायची. क्यू उद्यानाच्या ऑनलाइन यादीत आजही फ्रॉन्डोसा टाकलं तर पान उघडतं आणि सांगतं, बाबा रे, हे जुनं नाव, मान्य नाव इकडे आहे. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचणाऱ्यालाही पळस सापडतो.

कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. नावांच्या बाबतीत ते खरं नाही. तिथे एकसारखेपणा मुद्दाम बांधून काढावा लागलाय. माणसाच्या बाबतीतही मला तेच करायचं होतं. एक मान्य नाव ठरवायचं, ते माझ्या हातातल्या प्रत्येक ठिकाणी तसंच्या तसं लिहायचं, आणि बाकीची नावं न लपवता त्याच्याकडे वळवायची.

मान्य नाव कुठलं? आधार, पॅन, पासपोर्ट यांच्यावर जे आहे तेच, असं बहुतेकांना वाटतं. व्हिसा, बँक, करार, पगार इथे ते लागतंच. पण निबंधावर, लिंक्डइनवर किंवा संस्थेच्या पानावर तेच नाव हवं असा कुठलाच कायदा नाही. म्हणून मी दोनच प्रश्न विचारले. सगळ्यात जास्त काम आधीच कुठल्या नावाने झालंय? आणि शोधल्यावर कुठल्या नावाखाली गर्दी सगळ्यात कमी आहे? पहिल्याचं उत्तर Dnyanada आणि माहेरचं आडनाव. दुसऱ्यात मात्र दंतवैद्यबाई आडव्या आल्या. म्हणून मध्ये बाबांचं S. घातलं, टिंबासकट. एका अक्षराने आमच्या दोघींची चांगली फारकत झाली.

घरी यावर थोडी चर्चा झाली. 'म्हणजे आमचं आडनाव नको का?' असं सासूबाईंनी विचारलं. मी त्यांना नऊ निबंधांची शीट दाखवली. त्या शाळेत चाळीस वर्षं शिक्षिका होत्या आणि हजेरीपटावर नाव बदललं की काय गोंधळ होतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. 'असू दे. रेशनकार्डावर आहे ना!' म्हणाल्या.

•••

मग प्रत्यक्ष जुळवणी. इथे क्रमाला महत्त्व आहे, कारण एक ठिकाण दुसऱ्याला खायला घालतं.

सगळ्यात आधी ऑर्किड. फूल नव्हे, संशोधकांसाठीचा सोळा अंकी ओळख क्रमांक, 2012 पासून सुरू झालेला, फुकट. त्याचं सगळं बळ यात आहे की तो नावावर अवलंबून नाही. त्यात छापायचं नाव एक रकाना, आणि 'या नावांनीही ओळखले जाते' असा दुसरा रकाना, ज्यात हवी तेवढी नावं घालता येतात. म्हणजे मान्य नाव आणि सिनॉनिम्स, अगदी आमच्यासारखं. मी तिथे पाच नावं टाकली, श्रीकांत के. डी.सुद्धा. मग जुने निबंध त्यांच्या डीओआय क्रमांकाने एकेक करून जोडले. नवा निबंध पाठवताना ऑर्किड दिला आणि एकदा परवानगी दिली की पुढचे निबंध बहुतेक वेळा आपोआप येऊन बसतात. परिषदेच्या त्या नवव्या निबंधाला डीओआय नव्हता, तो हाताने भरला.

दुसरं गूगल स्कॉलर. परीक्षक बहुधा इथेच येतात. प्रोफाइलमध्ये नावाशेजारी 'इतर नावं' असा रकाना असतो तो भरला. संस्थेच्या ईमेलने खात्री करून घेतली, कारण ती ओळ दिसली की बघणाऱ्याचा विश्वास बसतो. मग हरवलेले पाच निबंध शोधून जोडले. एकच निबंध दोन वेगळ्या नोंदींत फुटला होता, त्या दोन नोंदी निवडून एकत्र केल्या.

इथे एक सापळा आहे. स्कॉलर 'तुमचे वाटतात' असे निबंध आपणहून प्रोफाइलमध्ये घालतं. सहा आठवड्यांनी पाहते तर माझ्या नावावर अक्कलदाढेचा एक शोधनिबंध! आपल्याला यात फायदाच वाटेल, आकडा वाढला म्हणून. पण परीक्षकाला सड्यांच्या मध्ये एक दाढ दिसली की तो बाकीच्या नवांवरही संशय घेतो. ती नोंद काढून टाकली आणि सेटिंग बदललं: आपोआप काही घालू नका, आधी मला मेलवर विचारा.

तिसरं लिंक्डइन. नाव बदलण्याआधी तिथला 'नेटवर्कला कळवा' हा खटका बंद करायचा, नाहीतर नोकरीची तारीख दुरुस्त केली की दोनशे लोक अभिनंदन करतात. पूर्वीचं नाव घालायला वेगळी जागा आहे. तिथे सासरच्या आडनावासकटचं नाव टाकलं, म्हणजे त्या काळात भेटलेल्यांना मी सापडेन. प्रोफाइलच्या पत्त्यातले शेवटचे निरर्थक आकडे काढून मान्य नाव घातलं.

नावापेक्षा इथे वेळ तारखांनी खाल्ला. शीटचा तिसरा रकाना आठवा: तिथे माझ्याविषयी काय म्हटलंय? लिंक्डइनवर एक प्रकल्प मार्च 2021 ला संपत होता. संस्थेच्या पानावर तोच डिसेंबर 2020 ला. अर्जात मी नियुक्तिपत्राप्रमाणे मार्च लिहिला होता, आणि तेच खरं होतं. संस्थेचं पान शेवटच्या मुदतवाढीआधी बनवलेलं होतं. पण बाहेरच्या माणसाला हे कसं कळावं? त्याला दिसतं ते एवढंच की दोन ठिकाणी दोन तारखा आहेत, आणि तीन महिने जास्त दाखवलेल्या ठिकाणी उमेदवाराचा हात फिरलाय. स्पेलिंग वेगळं असेल तर माणूस सापडत नाही. तारीख वेगळी असेल तर माणूस खोटा वाटतो. दुसरं जास्त वाईट. मी नियुक्तिपत्रं आणि कार्यमुक्तीची पत्रं समोर ठेवली आणि सगळीकडे त्यांच्याप्रमाणे महिना-वर्ष लिहिलं. संस्थेच्या पानासाठी पत्राची प्रत जोडून मेल केली. आठवड्यात दुरुस्ती झाली.

शेवटी परिचयाचे दोन मजकूर लिहून फोनच्या नोट्समध्ये ठेवले. एक दोन वाक्यांचा, एक सात वाक्यांचा. कुठल्याही व्याख्यानाच्या आयोजकाने मागितला की तोच पाठवायचा. नाहीतर आयोजक गूगल करून जुनाच परिचय उचलतो आणि तो छापला की शीटमध्ये अडतिसावी ओळ तयार.

•••

दुसऱ्याच्या हातातल्या सतरा ओळींपैकी सहा विनंती केल्यावर सुटल्या. यात एक गोष्ट सांगायला हवी. पान दुरुस्त झालं तरी गूगलच्या यादीत कित्येकदा जुनाच मजकूर दिसत राहतो. जुना झालेला मजकूर ताजा करून घेण्यासाठी गूगलचं एक पान आहे, तिथे लिंक देऊन विनंती करता येते. पण ते चालतं फक्त मूळ पान खरोखर बदललं किंवा उडालं असेल तरच. पान जसंच्या तसं असताना 'मला हे आवडत नाही' म्हणून ते काही निघत नाही.

एका ओळीने मात्र झोप उडवली. एका परिषदेच्या प्रतिनिधींची यादी: नाव, फोन, घरचा पत्ता, सगळं उघड्या पीडीएफमध्ये. आयोजकांचं उत्तर आलं नाही. फोन आणि घराचा पत्ता यांसारख्या वैयक्तिक माहितीसाठी गूगलकडे वेगळा अर्ज असतो, तो भरला. काही दिवसांनी माझ्या नावाच्या शोधातून ती यादी गेली. पण पीडीएफ जिथे होती तिथे आजही आहे. ज्याच्याकडे थेट लिंक आहे त्याला ती उघडते. शोधातून जाणं आणि जगातून जाणं यांत फरक आहे, आणि पहिल्यावरच समाधान मानावं लागतं.

दंतवैद्यबाईंच्या नऊ ओळींना मी हात लावला नाही. लावण्यासारखं काही नव्हतंच. त्यांचं नाव त्यांचं आहे. त्यांनाही कधीतरी कुणी कीटकभक्षी वनस्पतींबद्दल विचारलं असेल.

माझ्या हातातल्या अकरांपैकीही दोन मी तशाच ठेवल्या. एक माझं इन्स्टाग्राम, दुसरा कॉलेजात असताना लिहिलेला मराठी ब्लॉग. ब्लॉगवर मी देवनागरीत नुसती 'ज्ञानदा' आहे, आडनावाशिवाय, आणि तिथे मी सड्यांवर लिहिते तसं निबंधात लिहिता येणार नाही. एका मित्राने सल्ला दिला, तो काढून टाक, 'प्रोफेशनल' वाटत नाही. पण सगळीकडे एकच चेहरा हवा असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळू नयेत, एवढंच. मी कोण, सध्या कुठे काम करते, कधीपासून कधीपर्यंत काय केलं: ही उत्तरं सगळीकडे सारखी हवीत. ब्लॉगवर हे प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे मी पहिल्या पावसातल्या बेडकांबद्दल लिहिलंय. त्याने माझी कुठलीच तारीख खोटी ठरत नाही.

इन्स्टाग्रामवर मात्र एक खटका तपासला. व्यावसायिक प्रकारच्या खात्यांवरचे सार्वजनिक फोटो शोधयंत्रांना दिसू द्यायचे की नाही, हे आता तिथल्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. मी 'नाही' केलं. माझ्या पुतणीच्या बारशाचे फोटो परीक्षकाने बघायचं काही कारण नाही.

•••

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला, त्याच शिष्यवृत्तीसाठी. यावेळी निबंधांच्या यादीवर एक ओळ घातली: 'माझे निबंध पुढील नावांनी छापले गेले आहेत,' आणि खाली पाच नावं, शेजारी ऑर्किड क्रमांक. वनस्पतींच्या याद्यांत सिनॉनिम्स देतात तशीच, बारीक अक्षरात. तोवर निबंध अकरा झाले होते. पडताळणीत अकराच आढळले असावेत, कारण शेरा आला नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीत नावाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पाऊण तास सगळे प्रश्न सड्यावरच्या मातीचे होते. बोटभर जाडीच्या मातीत इतकी झाडं कशी तगतात, खणलेल्या जागी ती परत येतात का, यायला किती वर्षं लागतात. हे सगळं मला सांगायचंच होतं.

शीट अजून आहे. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात फोन आठवण करून देतो आणि मी खाजगी विंडो उघडून पाचही स्पेलिंगं पुन्हा टाकते. तासाभराचं काम. गेल्या वेळी दोन नव्या ओळी निघाल्या, एक सहावं स्पेलिंगही निघालं. ते ऑर्किडमध्ये नोंदवलं. हे मेमध्येच उरकून घ्यायचं असतं, कारण जूनमध्ये पाऊस लागला की चार महिने मी सड्यावर, आणि तिथे रेंज नसते.